'का?' विचारणारं एक पान: रेसिडेन्सीच्या पर्सनल स्टेटमेंटची पार्श्वभूमी

दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयात राहून विशेषज्ञ होण्याच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज करणारे दोन-चार ज्युनियर आपलं 'पर्सनल स्टेटमेंट' मला वाचायला पाठवतात. परीक्षेला हुशार असलेली ही मुलं त्या एका पानाशी अडखळतात. कारण सरळ आहे: त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी विचारलेलं असतं की हीच ब्रांच का. आपल्याकडे पीजीला हा प्रश्नच नसतो. रँक येते, काउन्सेलिंगच्या फेरीत त्या रँकला जे मिळतं त्यातून निवडायचं. मेडिसिनसाठी वर्षभर अभ्यास केलेला मुलगा संध्याकाळी अॅनेस्थेशिया घेऊन घरी येतो आणि घरचे पेढे वाटतात.

आपल्याकडे हा प्रश्न का विचारला जात नाही, यालाही इतिहास आहे. तोंडी मुलाखतीचे गुण आणि वशिला यांचं नातं आपण फार जवळून पाहिलेलं आहे. 1980 साली अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रवेश आले. तिथे मुलाखतीला एकूण गुणांच्या एक तृतीयांश वाटा होता आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांत संपत होती. मुलाखतीचा वाटा 15 टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं न्यायालयाने बजावलं. 1984 च्या प्रदीप जैन खटल्यानंतर पीजीच्या काही जागा अखिल भारतीय पातळीवर परीक्षेने भरायची वाट मोकळी झाली आणि 2013 मध्ये 'नीट-पीजी' आली. आज 200 प्रश्न आणि 800 गुण सगळं ठरवतात. ही व्यवस्था कोरडी आहे, पण ज्याची कुठेच ओळख नाही अशा मुलालाही ती जागा देते. तिच्यावर टीका करताना मी हे विसरत नाही.

अमेरिकेत गाडी वेगळ्या रुळावर गेली. रुग्णालयातच राहून विशेषज्ञ होण्याची पद्धत तिथे 1889 मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ऑस्लर आणि हॉल्स्टेड यांनी रुजवली. 'रेसिडेंट' हा शब्द त्या राहण्यावरूनच आला. पुढे इंटर्न होणाऱ्या मुलांपेक्षा जागा जास्त झाल्या, आणि चांगला मुलगा दुसरीकडे जाण्याआधी त्याला अडकवायची रुग्णालयांमध्ये चढाओढ लागली. 1944 च्या सुमाराला परिस्थिती अशी होती की मुलगा पदवीपासून दोन वर्षं लांब असतानाच त्याची इंटर्नशिप ठरून जायची. ज्याने अजून वॉर्डात धड पेशंट पाहिला नाही, त्याला कोणत्या विषयाची ओढ आहे हे त्याला तरी कुठून कळणार?

1945 मध्ये महाविद्यालयांनी ठरवलं की ठरावीक तारखेआधी कोणाचे गुण आणि शिफारसपत्रं बाहेर द्यायची नाहीत. लवकर गाठण्याचा खेळ थांबला, पण घाई थांबली नाही. पहिल्या पसंतीच्या रुग्णालयाचं उत्तर यायचं असायचं आणि दुसरं रुग्णालय हातात ऑफर ठेवून 'आत्ताच सांग' म्हणायचं. विचार करायला सुरुवातीला दहा दिवस मिळत होते. 1949 पर्यंत बारा तासांची मुदतही जास्त वाटू लागली होती.

यातून 'मॅच' निघाली. मुलाने रुग्णालयांची क्रमवार यादी द्यायची, रुग्णालयांनी मुलांची, आणि एका मध्यवर्ती ठिकाणी दोन्ही जुळवायच्या. पहिल्यांदा जी रीत सुचवली होती तिच्यात एक खोट होती: आपली खरी पसंती प्रामाणिकपणे लिहिली तर मुलाचं नुकसान होऊ शकत होतं. हे विद्यार्थ्यांनीच हेरलं. हार्वर्डचा हार्डी हेंड्रेन, जो पुढे बालशल्यचिकित्सेत मोठा झाला, या विरोधात पुढे होता. रीत बदलली आणि 1952 ची पहिली मॅच बदललेल्या रीतीने झाली. 1962 मध्ये गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी स्थिर जोड्या जुळवण्याचं गणित स्वतंत्रपणे मांडलं. डॉक्टरांची मॅच मुळात तेच गणित वापरते, हे 1984 मध्ये अॅल्विन रॉथ यांनी दाखवलं. 1998 पासून ती उमेदवाराच्या पसंतीकडून सुरू होते, म्हणजे आता मनातली यादी जशीच्या तशी लिहिणं हाच मुलाच्या फायद्याचा मार्ग आहे. 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं.

आता मूळ मुद्दा. मॅचने सौदेबाजी संपवली, पण निवड रुग्णालयाच्या हातातच ठेवली. देशाची एक रँक तिथे नाही, प्रत्येक विभागाला स्वतःची यादी करावी लागते. ती करायची तर गुणांशिवाय दुसरं काहीतरी वाचायला हवं. 1990 च्या दशकाच्या मध्यात 'इरास' ही इलेक्ट्रॉनिक अर्जपद्धत आली आणि त्या 'दुसऱ्या काहीतरी'ला, म्हणजे पर्सनल स्टेटमेंटला, अर्जात ठरलेली जागा मिळाली. त्या चौकटीत 28,000 अक्षरं मावतात, पण छापल्यावर एका पानापलीकडे जाऊ नये हा रिवाज सगळे पाळतात.

अर्ज पाठवणं एका बटणावर आल्यावर प्रत्येक विभागाकडे ढिगारे साचले, आणि ढिगारा उपसायचा सोपा उपाय म्हणून 'स्टेप 1' या अमेरिकी परवाना परीक्षेच्या गुणांवर चाळणी लागली. आपल्याकडची मुलं त्या काळात 250 च्या वरचा आकडा मिळवून निर्धास्त व्हायची. 26 जानेवारी 2022 पासून 'स्टेप 1' चा आकडा गेला, फक्त पास-नापास राहिलं. 'स्टेप 2 सीके' या पुढच्या परीक्षेचा आकडा अजून आहे, पण पानाचं वजन वाढलं हे मी या मुलांच्या मुलाखतींच्या वर्णनांतून ओळखतो. त्यांना आता पानातलं विचारतात.

पानाची नक्कल मात्र त्याच्या आधीपासूनच होत होती. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका मोठ्या रुग्णालयाकडे आलेले 4,975 निबंध तपासले होते. त्यांतल्या 5.2 टक्के निबंधांत उचललेला मजकूर सापडला, आणि परदेशी पदवीधरांत हे प्रमाण जास्त होतं. मला याचं वाईट वाटतं, कारण ज्याने पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक वर्ष बाँडची सक्तीची सेवा केली आहे त्याला उचलेगिरीची गरज नसते. त्याच्याकडे मजकूर असतो. कोणता मजकूर हे त्याला ओळखता येत नाही, एवढंच.

गेल्या खेपेला सोलापूर जिल्ह्यात बाँड केलेल्या एका मुलीने मसुदा पाठवला. तिला इंटर्नल मेडिसिन हवं होतं. पहिलं पान विंचवाचं होतं: दंश झालेला मुलगा, थंडगार हातपाय, दरदरून घाम, छातीत भरत चाललेलं पाणी, मग प्राझोसिन आणि सकाळी हसणारा मुलगा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुळवलेला हा उपचार आपल्याकडे प्रत्येक इंटर्नला तोंडपाठ असतो. पान वाचनीय होतं, पण त्यात दोन अडचणी होत्या. सगळे निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याचे होते, ती शेजारी उभी होती. शिवाय ते वाचून कोणी म्हटलं असतं, हिला इमर्जन्सी मेडिसिन हवंय.

मी तिला फोन केला. "तुला झोप लागली नाही असा पेशंट कोणता?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "सर, एक माळकरी आजी होत्या. पण त्यात माझीच चूक आहे."

आजी 61 वर्षांच्या. थकवा म्हणून आल्या तेव्हा हिमोग्लोबिन 6.2. लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी 7.4 झालं, सगळ्यांना बरं वाटलं, गोळ्या पुढे चालू. त्या भेटीत गोळ्या पुन्हा लिहून देणारी हीच होती. तिसऱ्या भेटीत आजी जाता जाता म्हणाल्या, "तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो गं."

तेवढ्या वाक्यावर हिने त्यांना परत बसवलं. डोळे मिटून उभं केलं तर आजी डुलायला लागल्या. घोट्यावर ठेवलेल्या ट्यूनिंग फोर्कची थरथर त्यांना कळत नव्हती. जीभ गुळगुळीत, लाल. मग जुना सीबीसीचा कागद काढला. त्यावर एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, 112 असा पहिल्या दिवसापासून छापलेला होता. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, 80 च्या खाली जातात. इथे त्या 100 च्या वर, फुगलेल्या होत्या. हा बी-12 चा अभाव होता. आजी माळकरी, मांस-अंडं वर्ज्य, आणि दूध काय ते चहापुरतं. पण मग हिमोग्लोबिन थोडं वाढलं कसं? सरकारी गोळीत लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. त्याने रक्त जरा सुधारलेलं दिसू शकतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

बी-12 ची इंजेक्शनं सुरू झाली. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन 11 च्या पुढे गेलं. तोल बराच सुधारला, पण पायांची बधिरता पूर्ण गेली नाही, आणि तिने तेही लिहिलं.

दुसऱ्या मसुद्यात विंचू नव्हता. 'मला लहानपणापासून सेवेची आवड' हे वाक्यही तिने आपणहून काढलं होतं. सुरुवात आजींच्या तोंड धुण्यापासून होती. मधल्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं की कागदावरचा आकडा मी आधीच पाहायला हवा होता, आणि त्यानंतर ओपीडीत 'रक्त कमी' म्हणून आलेल्या प्रत्येकाचा एमसीव्ही मी वहीत उतरवू लागले. मेडिसिन का, याचं उत्तर तिला वेगळं द्यावं लागलं नाही. एकच पेशंट महिनोन्महिने पाहत राहणं, पहिलं निदान चुकलं असेल हे धरून चालणं, आणि बोटांनी सापडलेली खूण रक्ताच्या कागदाशी ताडून बघणं हे तिला आवडतं, हे पानातून दिसत होतं.

मी एकच गोष्ट सुचवली: 'नसा' म्हणजे मज्जारज्जूचा मागचा भाग, हे नेमकं लिही, कारण वाचणारा मेडिसिनचाच असणार.

डिसेंबरमधल्या तिच्या पहिल्या मुलाखतीत प्रोग्रॅम डायरेक्टरने नमस्कारानंतर लगेच विचारलं, "इंजेक्शनं सुरू केल्यावर पोटॅशियम तपासलं होतं?" प्रश्न योग्य होता. नव्या पेशी झपाट्याने तयार होताना पोटॅशियम आत ओढून घेतात आणि रक्तातलं कमी पडू शकतं. तिने सांगितलं, पहिल्या दिवशी नाही, पीएचसीत ती सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी लॅब टेक्निशियन आपल्या मोटारसायकलवरून नमुना तालुक्याला घेऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी 3.4 आलं, आणि तोवर आजींना रोज शहाळं प्यायला सांगितलं होतं. पुढची पंधरा मिनिटं ते दोघं आजींबद्दलच बोलत होते.