बफर किती संपला आणि किती वेगाने संपतो आहे

क्रिटिकल चेन पद्धतीने, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी धरून आणि उशीर सोसण्यासाठी शेवटी राखीव दिवसांचा बफर ठेवून, आखलेल्या सॉफ्टवेअर रिलीजचा आढावा घेताना ‘बफर तीस टक्के गेला’ असे कोणी सांगितले, की ऐकणारे त्यावरून लगेच रिलीज सुरक्षित आहे की धोक्यात, हे ठरवून मोकळे होतात. वास्तविक या वाक्यात फक्त खर्च सांगितलेला असतो, खर्चाचा वेग सांगितलेला नसतो. आणि निर्णय मात्र वेगावर घ्यायचा असतो.

एक रिलीज घेऊ. कामांच्या अंदाजांतील सुरक्षेचे जादा दिवस काढून टाकल्यावर तिची साखळी 60 कामकाजाच्या दिवसांची झाली आणि शेवटी 30 दिवसांचा प्रोजेक्ट बफर ठेवला. बफरचा खर्च असा काढतात: सुरुवातीपासून उलटलेले दिवस आणि साखळीतील उरलेल्या कामाला अजून लागणारे दिवस यांची बेरीज करून त्यातून साखळीची मूळ लांबी वजा करायची. एकविसाव्या दिवशी 48 दिवसांचे काम उरले असेल, तर बेरीज 69 होते, म्हणजे बफरचे 9 दिवस, अर्थात 30 टक्के, खर्च झाले. सत्तावन्नाव्या दिवशी 18 दिवसांचे काम उरले असेल, तर बेरीज 75 होते आणि खर्च 15 दिवसांवर, म्हणजे 50 टक्क्यांवर जातो.

केवळ खर्च पाहिला तर दुसरी स्थिती पहिलीपेक्षा वाईट वाटते. पण एकविसाव्या दिवशी 60 पैकी 12 दिवसांचेच काम, म्हणजे साखळीचा 20 टक्के भाग पूर्ण झालेला होता, तर सत्तावन्नाव्या दिवशी 70 टक्के पूर्ण झाला होता. खर्चाच्या टक्केवारीला पूर्ततेच्या टक्केवारीने भागले, की एकविसाव्या दिवशी गुणोत्तर 1.5 येते आणि सत्तावन्नाव्या दिवशी सुमारे 0.71. गुणोत्तर 1 च्या वर असेल आणि तसेच राहिले, तर साखळी संपण्याआधी बफर संपेल. म्हणून बफर 30 टक्केच गेलेला असताना काळजी करायला हवी होती, आणि 50 टक्के गेल्यावर, तोवर घेतलेले उपाय लागू पडले असे म्हणायला जागा होती. फीव्हर चार्टमध्ये आडव्या अक्षावर पूर्तता आणि उभ्या अक्षावर बफरचा खर्च घेतात आणि हिरवा, पिवळा व लाल पट्टा वेगळे करणाऱ्या रेषा तिरप्या काढतात, त्या याच कारणाने.

मात्र हे गुणोत्तरही सुरुवातीपासूनचे सरासरी गुणोत्तर असते, आणि माझ्या मते खरी गफलत येथेच होते. एकविसाव्या ते सत्तावन्नाव्या दिवसादरम्यान साखळी 50 टक्क्यांनी पुढे सरकली आणि बफर 20 टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे त्या टप्प्यातील वेग 0.4 होता, 0.71 मध्ये सुरुवातीच्या वाईट दिवसांचे ओझे अजून मिसळलेले आहे. आता समजा, पुढच्या पाच दिवसांत रिग्रेशन टेस्टिंगमध्ये डेटा मायग्रेशनचा दोष सापडला आणि बासष्टाव्या दिवशीही 18 दिवसांचेच काम उरले आहे. बेरीज 80 झाली, खर्च 20 दिवस, म्हणजे सुमारे 67 टक्के, आणि पूर्तता होती तेथेच 70 टक्के. गुणोत्तर 0.95 येते, अजूनही 1 च्या आत. पण त्या आठवड्यात साखळी तसूभरही न हलता बफरचे पाच दिवस गेले. चार्टवर हा बिंदू सरळ वर चढलेला दिसतो. त्यामुळे बिंदू कोणत्या पट्ट्यात आहे याबरोबरच मागच्या दोनतीन बिंदूंपासून तो कोणत्या दिशेने आला, हे वाचावे लागते. असा आणखी एक आठवडा गेला, तर खर्च 25 दिवस, म्हणजे 83 टक्के होईल आणि गुणोत्तर सुमारे 1.19 वर जाईल. तेव्हा दोष दुरुस्त करणाऱ्याला बाकीच्या कामांतून मोकळे करायचे, की रिलीजमधून काही वगळायचे, हा विचार बासष्टाव्या दिवशीच व्हायला हवा.

याउलट सुरुवातीला वेगाच्या आकड्यावर फार विसंबू नये. चौथ्या दिवशी 2 दिवसांचे काम पूर्ण होऊन बफरचे 2 दिवस गेले असतील, तर गुणोत्तर 2 येते, पण ते एकाच कामाच्या उशिरावर उभे असते. सुरुवातीच्या भागात पट्ट्यांच्या रेषा शून्यापासून न काढता थोड्या वरून काढतात, त्यामागे हाच विचार आहे.

दोन्ही आकड्यांचा पाया मात्र एकच आहे, तो म्हणजे उरलेल्या दिवसांचा प्रामाणिक अंदाज. डेव्हलपरला ‘किती टक्के झाले?’ असे विचारले, तर उत्तर पुष्कळदा आठवडाभर ‘नव्वद टक्के’ असेच येत राहते. त्याऐवजी ‘आजपासून किती दिवस लागतील?’ असे रोज विचारावे, आणि उत्तर कालच्यापेक्षा वाढले तर त्याबद्दल जाब विचारू नये; नाहीतर उद्यापासून तो आकडा दिवसागणिक नेमका एकेकाने कमी होत जाईल आणि बफरचा खर्च शेवटच्या आठवड्यापर्यंत दिसणारच नाही.