फोटोमोझेकसाठी फोटो पाठवताना: फोल्डर ‘साफ’ करू नका

फोटोमोझेक म्हणजे शेकडो छोटे फोटो शेजारी शेजारी लावून तयार केलेलं एक मोठं चित्र. त्याची ऑर्डर देताना जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, “फोटो किती लागतील?” आम्ही आकडा सांगतो, तेवढे फोटो येतातही, आणि तरी काम अडतं. मग आमचा फोन जातो, “तुम्ही काढून टाकलेले फोटो अजून आहेत का हो?” समोरचा गोंधळतो. उरलेले चांगले फोटो दिलेले असताना टाकाऊ फोटो कशाला हवेत, असं वाटणं साहजिक आहे. त्या फोनमध्ये आणि त्यानंतरच्या शोधाशोधीत तुमचे-आमचे दिवस जातात. ते वाचावेत म्हणून हे पत्रक.

आमचं नेहमीचं माप धरू: ४० इंच रुंद, ३० इंच उंच. त्यात आडव्या ८० आणि उभ्या ६०, म्हणजे एकूण ४,८०० चौकटी बसतात. प्रत्येक चौकट अर्ध्या इंचाची. तुमचा मुख्य फोटो, समजा वडिलांचा, आम्ही या ४,८०० चौकटींत विभागतो आणि प्रत्येक चौकटीचा सरासरी रंग काढतो. मग तुमच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फोटोचा मधला चौरस कापून तो १०० बाय १०० पिक्सेलचा करतो. त्या दहा हजार पिक्सेलमधल्या लाल रंगाच्या किमतींची बेरीज करून दहा हजारांनी भागायचं, तसंच हिरव्याचं आणि निळ्याचं. ० ते २५५ मधले तीन आकडे मिळतात. तो त्या फोटोचा सरासरी रंग. ज्या चौकटीचे आकडे ज्या फोटोच्या आकड्यांना सर्वांत जवळ, तो फोटो त्या चौकटीत टाइल म्हणून बसतो.

एवढ्या ढोबळ माहितीवर चेहरा ओळखू येतो का, ही शंका जुनी आहे. बेल लॅब्जमधल्या लिऑन हार्मन यांनी १९७३ मध्ये अब्राहम लिंकन यांचा चेहरा फक्त करड्या चौकोनांत मांडून दाखवला होता. जवळून नुसते ठोकळे दिसतात, पण मागे सरकून डोळे किलकिले केले की लिंकन दिसतात. त्या मानाने आपल्याकडे चौकटी भरपूर आहेत.

यातून एक गोष्ट जाता जाता सांगायची. मुख्य फोटो शेवटी ४,८०० रंगांच्या ठिपक्यांवर येणार असतो आणि छोटे फोटो १०० पिक्सेलवर. त्यामुळे “मोबाइलवरून पाठवले तर क्वालिटी जाईल का?” ही काळजी सोडा. चॅटवर लहान होऊन आलेले फोटोही टाइलला पुरून उरतात. मुख्य फोटोत मात्र एकच चेहरा, तोही मोठा हवा. आठ जणांच्या ग्रुप फोटोत एकेका चेहऱ्याच्या वाट्याला आडव्या जेमतेम आठ चौकटी येतात, त्यात डोळेसुद्धा उमटत नाहीत.

आता मुख्य अडचण. सरासरी सगळ्याला मधोमध ओढते. हिरवळीवर लाल कपड्यांत कोणी उभं आहे असं समजा. फोटोचा अर्धा भाग लाल (२००, ४०, ४०), अर्धा हिरवा (६०, १४०, ६०). सरासरी येते (१३०, ९०, ५०), म्हणजे तपकिरी. फोटोत तपकिरी काहीच नाही, पण टाइल म्हणून तो तपकिरीच. उजेड-अंधाराचंही हेच होतं. सरासरी काळी यायची तर जवळजवळ अख्खा फोटो काळोखा लागतो, पांढरी यायची तर जवळजवळ अख्खा उजळ. आणि आपण ज्याला चांगला फोटो म्हणतो त्यात उजेडही असतो, सावलीही असते. म्हणून चांगले निघालेले फोटो, विषय कितीही वेगवेगळे असोत, सरासरीत बहुतेक एकाच मातकट पट्ट्यात येऊन बसतात.

फोल्डर साफ करताना लोक नेमकं काय काढतात? फ्लॅश न उडालेले, रात्रीचे, खिडकीसमोर उभं राहिल्यामुळे काळवंडलेले, चुकून आकाशाचे निघालेले, धुक्यातले, उन्हात पांढरेफटक झालेले. आमच्या दृष्टीने हाच सगळा ऐवज. केस, भुवया, डोळ्यांच्या बाहुल्या आणि गडद कोट यांतूनच निघतात. पांढरी दाढी, शर्टाची कॉलर, मागची भिंतही यांतूनच.

मध्यंतरी झालेलं एक काम आकड्यांसह सांगतो. मुख्य फोटो काळ्या केसांच्या, गडद जाकीट घातलेल्या गृहस्थांचा, पाठीमागे फिकी भिंत. मुलांनी ९०० फोटोंतून निवडून ६०० पाठवले. मुख्य फोटोतल्या साधारण १,१०० चौकटींचा उजळपणा ० ते २५५ च्या मापात ५० च्या खाली होता. ६०० फोटोंपैकी इतके गडद फोटो निघाले नऊ. भिंतीसाठी २०० च्या वरचे हवे होते, ते चार.

केसांतली एक चौकट घ्या: (२८, २४, ३०). गडद फोटो संपले की फोल्डरमधला सर्वांत जवळचा उरायचा तो (९२, ७८, ७०), एका मध्यम उजेडाच्या खोलीचा. फरक ६४, ५४ आणि ४०. त्यांचे वर्ग करून बेरीज ८,६१२, वर्गमूळ सुमारे ९३. दोन रंगांमधलं हे अंतर एवढं मोठं आहे की केस काळे न दिसता धुरकट दिसतात. मुलांनी नंतर परत पाठवलेल्या फोटोंत रात्रीच्या प्रवासातला एक हललेला फोटो होता, ज्यात दूरचे दोन दिवे सोडून काही दिसत नाही: (३५, ३०, ३८). त्याचं अंतर सुमारे १२. तो केसांत चपखल बसला.

“मग तेच नऊ गडद फोटो पुन्हापुन्हा वापरा ना,” असं कोणी म्हणेल. वापरले तर प्रत्येक फोटो १२० च्या वर वेळा येईल, आणि केसांच्या जागी एकाच चित्राची नक्षी छापलेलं कापड दिसेल. म्हणून आमचा नियम आहे: एक फोटो पुन्हा येण्याआधी मधे निदान सहा चौकटी जाव्यात. याचा अर्थ सात बाय सातच्या कुठल्याही तुकड्यात सगळेच्या सगळे ४९ फोटो वेगळे लागतात. सलग गडद भागासाठी नऊ फोटो असतील तर उरलेल्या चाळीस चौकटींत फिके फोटो शिरणारच. काळ्यात करडे ठिपके उठतात आणि लांबून चेहरा धूसर भासतो. परत आलेल्या ३०० फोटोंत गडद ६२ निघाले आणि उजळ ४०. गडद एकूण ७१ झाले आणि केसांचं काम लागलं. भिंतीची बाजू तरीही थोडी तंग राहिली, तिथे पडद्याचे आणि ढगांचे काही फोटो मुद्दाम काढून घ्यावे लागले.

याला दुसरी पळवाटही आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी सर्रास वापरतात: टाइलवर चौकटीचा रंग चढवायचा. आम्हीही चढवतो, पण जास्तीत जास्त २० टक्के. वरचा (९२, ७८, ७०) घेऊन त्यात २० टक्के (२८, २४, ३०) मिसळला तर (७९, ६७, ६२) होतो. थोडी मदत होते, काळा काही होत नाही. ६० टक्के चढवला तर सुमारे (५४, ४६, ४६) मिळतो आणि लांबून चेहरा झकास दिसतो. पण जवळ जाऊन पाहिलं की प्रत्येक फोटोवर काळपट काच ठेवल्यासारखं होतं, कोण कोण आहे ते कळत नाही. तसं करायचं तर फोल्डर तुमचा हवाच कशाला, कुठलेही फोटो चालतील. तुम्ही मोझेकजवळ जाऊन “हा बघ, हा आपला” म्हणावं यासाठी आम्ही २० च्या वर जात नाही. त्यामुळे आमचं काम कधी कधी दोन दिवस उशिरा होतं, हे मान्य.

पाठवण्याआधी घरी पाहायचं असेल तर फोल्डर उघडून फोटो सर्वांत लहान आकारात दिसतील असं करा आणि चार पावलं मागे जा. सगळा पडदा एकाच रंगाचा वाटला तर गडद-उजळ फोटो कमी आहेत. ज्यांना पायथन चालवता येतं त्यांच्यासाठी हे (पिलो लायब्ररी लागेल):

```python
from pathlib import Path
from PIL import Image, ImageOps

for p in Path("photos").glob("*.jpg"):
    im = Image.open(p).convert("RGB")
    im = ImageOps.fit(im, (100, 100))
    r, g, b = im.resize((1, 1), Image.BOX).getpixel((0, 0))
    print((299*r + 587*g + 114*b) // 1000, p.name)
```

प्रत्येक नावाआधी उजळपणाचा आकडा येतो. डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो, म्हणून त्याला वजन जास्त दिलं आहे. मुख्य फोटोत काळे केस किंवा गडद कपडे असतील तर ५० च्या खालचे निदान ५० फोटो असू द्या. फिकी पार्श्वभूमी असेल तर २०० च्या वरचेही तेवढेच. मधल्या पट्ट्याची चिंता करू नका, तो आपोआप भरतो. हे जमत नसेल तर फोल्डर जसा आहे तसा पाठवा. ही मोजणी आम्ही ऑर्डर पक्की करण्याआधी करतो, तिचे वेगळे पैसे नाहीत, आणि कमी काय पडतंय ते कळवतो.

कमी पडलंच तर भर घालणं सोपं आहे. रात्रीच्या खिडकीबाहेरचं दृश्य, गडद शाल, बंद दार, पडदा, ढगाळ आकाश, वहीचं कोरं पान, असं काहीही मोबाइलवर टिपा. मात्र एकाच शालीचे एका जागी उभं राहून काढलेले वीस फोटो पाठवू नका. नियमाच्या हिशेबात ते वीस असले तरी डोळ्याला एकच दिसतात. पटापट काढलेल्या सारख्या फोटोंचंही तेच, त्यातले एक-दोनच ठेवा. आणि कृपा करून सगळ्या फोटोंना एकच फिल्टर लावू नका. जुनाट पिवळसर फिल्टर लावून आलेल्या फोल्डरमध्ये निळा रंगच उरत नाही, मग मुख्य फोटोतला निळा शर्ट करडा निघतो.

काही फोटो खरोखरच कोणाला दिसू नयेत असे असतात, तो निर्णय अर्थात तुमचा. ते फोटो पाठवूच नका. अंधारे, हललेले, पांढरे पडलेले फोटो मात्र ‘जादा’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून सोबत द्या. त्यातला फोटो आम्ही फक्त गडद आणि उजळ चौकटींत वापरतो, चेहऱ्याच्या त्वचेवर नाही. छपाईआधी पडद्यावर पाहण्यासाठी नमुना येईल, त्यात एखादी टाइल खटकली तर तिचा रांग आणि स्तंभ क्रमांक कळवा, ती बदलून देतो.