शेंडीचा एक आणि पट्ट्याचा सात: जर्मन हस्ताक्षरातला घोळ

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडून एक फोटो हमखास येतो. कधी डॉक्टरकडची चिठ्ठी असते, कधी घरमालकाने हाताने लिहून दिलेला खातेक्रमांक, आणि सोबत प्रश्न: "हा एक आहे की सात?" लगेच कोणीतरी सांगतं, "वर शेंडी आहे ना, मग सातच." दुसरा म्हणतो, "मध्ये रेघ नाही, म्हणजे एक." दोघंही ठाम असतात आणि दोघांचेही नियम कच्चे असतात.

आपल्याकडचा इंग्रजी एक सगळ्यांना ठाऊक आहे: एक उभा दांडा, बस. आपल्या सातालाही डोक्यावर आडवी रेघ आणि खाली तिरका दांडा, एवढंच. अशा दोन आकड्यांत गोंधळ व्हायला जागाच नाही, म्हणून शाळेत याबद्दल कोणी काही सांगत नाही. जर्मन शाळेत मात्र मूल एक लिहिताना पेन डावीकडे खाली टेकवतं, तिरकं वर नेतं आणि टोकावरून सरळ खाली येतं. या चढत्या रेघेला मी शेंडी म्हणतो. हात भरभर चालू लागला की शेंडी लांबते, काहींची तर थेट तळापासून निघते. असा एक आपल्या डोळ्यांना साताच्या जवळचा वाटतो. म्हणूनच तिथे साताच्या कमरेवर एक छोटी आडवी रेघ मारतात. फ्रान्समध्ये आणि युरोपातल्या इतर बऱ्याच देशांतही हीच पद्धत आहे.

कमरेवरची रेघ दिसली तर तो सात, इतकं खुशाल धरून चाला. एकाला कमरेवर रेघ कोणी मारत नाही. काही जण एकाला तळाशी पाट देतात, पण तिथे दांडा संपलेला असतो; साताची रेघ ओलांडून दांडा आणखी खाली जातो. एकच सापळा आहे: खोडलेला एक. लिहिणाऱ्याने चुकलेला एक आडव्या फटकाऱ्याने रद्द केला असेल तर तो साताचं सोंग घेतो. अशा वेळी शेजारी किंवा वरच्या बाजूला दुरुस्त केलेला आकडा आहे का ते बघायचं.

उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही. कमरेवर रेघ नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. घाईत असलेला जर्मन ती गाळतो. इंग्रज, अमेरिकन आणि आपण भारतीय तर बहुधा मारतच नाही. त्याच कागदावर दुसरीकडे हाच माणूस साताला न चुकता रेघ मारताना दिसला, तरच तिच्या नसण्याला अर्थ येतो.

आता खरी मेख. रेघ नाही, शेंडी लांब आहे, तर बघायचं काय? बहुतेक जण शेंडीची लांबी मोजतात. लांबी विसरा, शेंडीचं डावं टोक किती उंचीवर आहे ते बघा. साताच्या डोक्यावरची रेघ जवळपास आडवी असते, म्हणजे तिचं डावं टोक कोपऱ्याच्याच उंचीला किंवा जरासं खाली राहतं. एकाची शेंडी चढत आलेली असते; तिचं डावं टोक आकड्याच्या अर्ध्या उंचीपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरलेलं असतं. शेंडी कितीही लांब असो, उतार खोल असेल तर तो एक.

मग दांडा बघा. एकाचा दांडा त्या माणसाच्या इतर उभ्या रेघांना समांतर उतरतो. साताचा दांडा कोपऱ्यापासून डावीकडे झुकतो आणि त्याचं खालचं टोक डोक्यावरच्या रेघेखाली येतं. हस्ताक्षरच उजवीकडे कललेलं असेल तर एकाचा दांडाही तिरका दिसणार, म्हणून तो कागदाच्या कडेशी ताडून बघायचा नाही. शेजारच्या चाराच्या किंवा l, t या अक्षरांच्या दांड्याशी ताडायचा. साताच्या रेघेला डाव्या टोकाशी कधी खाली वळलेला बारीक हूकही असतो. चढत्या शेंडीला तो नसतो, म्हणून तो दिसला की माझा कौल साताला.

एक उदाहरण घेऊ. समजा, २०२२च्या डिसेंबरमध्ये मिळालेल्या चिठ्ठीवर पुढच्या वर्षीची वेळ लिहिली आहे: मंगळवार, आणि पुढे तीन शेंडीवाले आकडे. तिकडे आधी दिवस, मग महिना, प्रत्येकानंतर टिंब; इथे पहिलं टिंब दुसऱ्या आकड्यानंतर आहे. कमरेवर रेघ एकालाही नाही. मग ही तारीख 11.1., 11.7., 17.1. किंवा 17.7. यांपैकी कुठलीही असू शकते. वारावरून दोन बाद होतात: २०२३ साली 11.1. बुधवारी होता आणि 17.7. सोमवारी. पण 11.7. आणि 17.1. दोन्ही मंगळवारीच! कॅलेंडर इथे हात टेकतं.

चिठ्ठी मात्र अजून बोलते. पहिला आकडा सात असूच शकत नाही, कारण सत्तरच्या घरातला दिवस नसतो. म्हणजे या माणसाचा खात्रीचा एक आपल्या हाती आला. त्याची शेंडी कुठून निघते ते बघा, समजा अर्ध्या उंचीवरून. दुसऱ्या आकड्याची शेंडीही तिथूनच निघते आणि दोन्ही दांडे समांतर आहेत, तर दुसराही एक. तिसऱ्याचं डोकं सपाट आहे, दांडा डावीकडे झुकलाय, तर तो सात. तारीख 11.7., जुलैची. असा खात्रीचा नमुना आधी शोधायचा आणि मग बाकीचे आकडे त्याच्याशी ताडायचे. सुटा आकडा मोठा करकरून बघत बसण्याची सवय मला अजिबात पटत नाही.

काही ठिकाणी आशयाचा आधार मिळत नाही. 10178 हा पिनकोड बर्लिनचा, 70178 श्टुटगार्टचा, आणि दोन्ही खरे. पण दोन्हींत चौथा आकडा सातच आहे, म्हणजे नमुना शेजारीच बसलाय. मोबाइल नंबरांच्या सुरुवातीचे 0171 आणि 0177 हेही दोन्ही चालू, तिथे शेवटचा आकडा तिसऱ्याशी ताडायचा. बँकेच्या आयबॅनची, म्हणजे तिकडच्या खातेक्रमांकाची, मात्र फिकीर नको: त्यातल्या तपासणीच्या दोन आकड्यांमुळे एका किंवा दोन जागी एकाचा सात झाला तर हिशेब जुळत नाही आणि चूक पकडली जाते. दोनपेक्षा जास्त जागी शंका असेल तर मात्र त्या हिशेबावर विसंबू नका, लिहिणाऱ्याला विचारा.

आपण लिहिताना माझा आग्रह असा: जर्मनीत असाल तर साताला रेघ माराच. तिथल्या वाचणाऱ्याची नजर ती रेघ शोधते, आणि आपला बिनरेघेचा सात घाईत एक म्हणून वाचला जातो. एकाला शेंडी द्यायची गरज नाही, आपला साधा दांडा तिथेही वाचता येतो. आणि चुकलेल्या एकावर रेघ मारून त्याचा सात करू नका. पूर्ण संख्या खोडून शेजारी नव्याने लिहा.