संक्षेप आणि सारांश: पंधरा शब्दांत काय राहतं?

'उताऱ्याचा सारांश लिहा' आणि 'उताऱ्याचा एक तृतीयांश संक्षेप करा' हे दोन्ही प्रश्न विद्यार्थी एकाच पद्धतीने सोडवतात, आणि संक्षेपाचे गुण तिथेच जातात. सारांशात मुख्य विचार आपल्या शब्दांत सांगायचा असतो. शब्दमर्यादा दिली नसेल, तर दोन ओळीही चालतात आणि क्रम बदलला तरी बिघडत नाही. संक्षेप म्हणजे मूळ उताऱ्याची लहान प्रतिकृती. मुद्दे तेच, क्रम तोच, आणि ज्याला मुळात जेवढं वजन त्याला इथेही साधारण तेवढंच.

हा ४५ शब्दांचा उतारा पाहा:

'पूर्वी माणूस पत्र लिहायचा, तेव्हा उत्तर यायला आठवडे लागत. त्यामुळे लिहिण्याआधी तो विचार करायचा, शब्द तोलून वापरायचा. आता निरोप क्षणात पोचतो, उत्तरही क्षणात येते. सोय मोठीच झाली. दूरचा माणूस अगदी जवळ आला. पण उत्तराची घाई झाल्याने विचाराला मिळणारा वेळ मात्र गेला, आणि माणसामाणसांत गैरसमज वाढले.'

सारांश: 'वेगवान संपर्कामुळे गैरसमज वाढले आहेत.' सारांश म्हणून हे बरोबर आहे. संक्षेप म्हणून मात्र अपुरं, कारण त्यातून पत्रांचा काळ गळला आणि लेखकाने मान्य केलेली सोयही गळली.

आता बऱ्याच उत्तरपत्रिकांत दिसतो तसा संक्षेप: 'पूर्वी माणूस पत्र लिहायचा, उत्तर यायला आठवडे लागत. आता निरोप क्षणात पोचतो. सोय मोठीच झाली.' मोजून पंधरा शब्द. गणित चोख, पण अर्थ उलटा झाला! लेखक तक्रार करतोय आणि इथे तो कौतुक करताना दिसतो. वरून वाक्यं उचलत आलं की शब्द संपेपर्यंत 'पण'पर्यंत पोचताच येत नाही, आणि या उताऱ्याचा सगळा भार त्या 'पण'वर आहे.

म्हणून मी आधी शेवटचं वाक्य वाचायला सांगते. 'पण', 'त्यामुळे', 'मात्र' अशा वळणांखाली रेघ मारायची. मग उतारा मिटून, मनात राहिलेला विचार आपल्या शब्दांत लिहायचा. पाहत पाहत लिहिलं की मूळची वाक्यं चिकटतातच.

'पत्रातला विलंब लिहिणाऱ्याला विचार करायला लावी; तत्काळ संपर्काने माणसे जवळ आली, पण घाईमुळे गैरसमज वाढले.'

हेही पंधराच शब्द. 'शब्द तोलून वापरायचा' हे 'विचार करायचा'चंच दुसरं रूप, म्हणून गेलं. 'आठवडे लागत' आणि 'त्यामुळे' हे दोन्ही एका 'विलंब'मध्ये मावलं. दोनदा आलेलं 'क्षणात' एका 'तत्काळ'मध्ये आलं. वाक्य गाळण्यापेक्षा अशी वाक्यं एकात एक मुरवण्यावर वेळ घालवा. 'म्हणून मोबाईल कमी वापरावा' असं स्वतःचं मत मात्र जोडू नका. उताऱ्यात ते कुठेही नाही.