ट्रॅव्हल्सवाल्यांचं जीएसटी ऑडिट: डिझेल जास्त आणि ट्रिपा कमी दिसतात तेव्हा

जीएसटी कायद्याच्या कलम ६५ खालचं ऑडिट कोणत्याही नोंदणीकृत व्यावसायिकाचं होऊ शकतं, त्यासाठी काही गुन्हा केलेला असावा लागत नाही. ज्यांच्याकडे फक्त नॉन-एसी बस ठरलेल्या मार्गावर धावतात, त्यांची तिकिटं करमाफ असल्यामुळे बहुतेकांची नोंदणीच नसते. प्रश्न येतो तो एसी स्लीपरवाल्यांना, कारण त्यांच्या तिकिटावर ५ टक्के कर आहे. मी अशाच काही मालकांची खाती सांभाळतो. ऑडिटमध्ये अडकलेले बहुतेकजण चोरीमुळे नाही, तर जुळत नसलेल्या कागदांमुळे अडकलेले मी पाहिले आहेत.

सुरुवात ADT-01 या नोटिशीने होते. ती ऑडिटच्या किमान १५ कामकाजाचे दिवस आधी मिळायला हवी. सोबत मागणीची यादी येते. ती बहुधा कारखान्यासाठी बनवलेली असते, त्यामुळे त्यात कच्च्या मालाचं रजिस्टरही मागितलेलं असतं. त्याला 'लागू नाही' असं लेखी उत्तर द्या, तो रकाना कोरा सोडू नका. बॅलन्स शीट, रिटर्न, बँक स्टेटमेंट, आरसी, परमिट आणि फिटनेस हे सगळे देतातच, त्यावर वेळ घालवत नाही.

मुदतीबाबत मात्र जवळपास सगळेच चुकतात. ऑडिट तीन महिन्यांत संपतं म्हणून लोक नोटिशीच्या तारखेपासून दिवस मोजतात. कायद्यात ते तीन महिने ऑडिट सुरू झाल्यापासून मोजले जातात, आणि ऑडिट सुरू झालं असं मानतात ते मागितलेली कागदपत्रं दिल्यावर किंवा अधिकारी तुमच्या जागेवर काम सुरू करतील तेव्हा, यातलं जे नंतर होईल तेव्हापासून. म्हणजे कागद द्यायला दोन महिने लावलेत तर ते दोन महिने हिशेबात धरले जातच नाहीत. शिवाय आयुक्त आणखी सहा महिने वाढवून देऊ शकतात.

दुसरी चूक जुने कागद टाकून देण्याची. हिशेब ७२ महिने ठेवायचे असतात, पण ते वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून. २०२२-२३ चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत भरायचं होतं, म्हणून त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत लागतील. मार्च २०२९ ला गठ्ठा रद्दीत देणारे भेटतील, हे मला आत्ताच दिसतंय.

आता ज्या कागदावर घोडं अडतं तो. तिकीट मशीनचा दिवसअखेरचा रिपोर्ट थर्मल कागदावर निघतो. कॅशियर तो ट्रिपशीटला टाचतो आणि फाईल कपाटात जाते. दोन-तीन उन्हाळे गेले की कागद पांढराफटक पडतो. एका मालकाने वर्षभराची फाईल अगदी नीट जपली होती. उघडली तर टाचण्या आणि कोरे कागद, एवढंच. पंपाच्या पावत्याही तशाच. म्हणून रिपोर्टची त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा मोबाईलवर फोटो काढून महिन्याच्या फोल्डरमध्ये टाका. पंपावर उधारीचं खातं असेल तर महिन्याचं स्टेटमेंट गाडी नंबरासकट मागून घ्या. नुसतं 'कॅश' लिहिलेलं डिझेलचं बिल कुठल्या गाडीचं, हे नंतर देवालाही सांगता येत नाही.

अधिकारी तपासतात कसं, ते एका गाडीच्या एका महिन्यावर दाखवतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. मार्ग एका बाजूला ३४० किमी. ट्रिपशीट २६ फेऱ्यांच्या, म्हणजे ८,८४० किमी. डिझेल मात्र २,८८० लिटर घेतलेलं. गाडी ३.६ चा ॲव्हरेज देते असं मालकानेच सांगितलं, त्यामुळे गुणाकार आला १०,३६८ किमी. फरक १,५२८ किमी, म्हणजे साडेचार फेऱ्या. फेरीला ३० प्रवासी आणि ८०० रुपये भाडं धरलं की १,०८,००० रुपयांची लपवलेली विक्री तयार, आणि त्यावर ५,४०० रुपये कर. एका महिन्याचा हाच फरक बारा महिने आणि पाच गाड्यांना लावला की ३,२४,००० होतात, वर १८ टक्क्यांनी व्याज आणि दंड वेगळा.

या गणितातली कमकुवत जागा डिझेल आहे. रात्रभर एसी लावून गाडी उभी राहिली तरी टाकी रिकामी होते. त्यामुळे डिझेलवरून किलोमीटर काढण्याआधी खरे किलोमीटर पुढे ठेवा. गॅरेजच्या सर्व्हिस बिलावर किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो, आणि फास्टॅगचं स्टेटमेंट टोलनाक्याची तारीख-वेळ सांगतं. आपल्या गाडीचं मीटर त्या महिन्यात १०,०५० किमी फिरलं होतं. त्यात २६ फेऱ्यांचे ८,८४०. गॅरेज ते पिकअप पॉईंट अशी रिकामी धाव फेरीला १५ किमी, म्हणजे ३९०. आणि लग्नाच्या एका वऱ्हाडाचे ६४०. उरलेले १८० किमी टायरवाला आणि पासिंगचे. एवढ्यावर कुणी अडून बसत नाही. साडेचार चोरलेल्या फेऱ्या गायब झाल्या.

पण वऱ्हाड राहिलंच. त्याचे ४८,००० रोख आले, बिल फाडलं नव्हतं. तो कर खरोखर बुडालेला होता, ५ टक्क्यांनी २,४००. असं काही असेल तर वाद घालू नका, स्वतःहून कर भरायच्या DRC-03 या फॉर्मने व्याजासकट भरा आणि चलनाची प्रत उत्तराला जोडा. एक खरी चूक स्वतःहून कबूल केली की बाकीचं स्पष्टीकरण ऐकून घेतलं जातं, हा माझा अनुभव.

मशीनचं वेगळं नाटक असतं. मशीन गाडीला नाही, माणसाला दिलेलं असतं. एका गाडीचं बिघडलं की दुसऱ्या गाडीचं घेऊन जातात. मग त्या महिन्यात ट्रिपशीट २६ आणि मशीनचे रिपोर्ट २७ असं निघतं. ट्रिपशीटवर मशीनचा नंबर लिहायला एक रकाना करा, बस. दुसरं म्हणजे ऑनलाईन बुक झालेल्या सीटही मशीनच्या चार्टमध्ये भाड्यासकट छापल्या जातात. अधिकाऱ्याने मशीनची बेरीज आणि ॲपचा हिशेब दोन्ही मिळवले की तोच प्रवासी दोनदा बसतो. चार्टवर ऑनलाईन सीट वेगळ्या दाखवून द्या.

ॲपच्या तिकिटांत उलटी चूक मालक करतात. बँकेत कमिशन कापून आलेली रक्कमच विक्री म्हणून लिहितात. विक्री म्हणजे प्रवाशाने दिलेलं पूर्ण भाडं. १ जानेवारी २०२२ पासून या तिकिटांवरचा कर ॲपवाले भरतात, पण २० ऑक्टोबर २०२३ पासून बसमालक कंपनी असेल तर कर तिने स्वतः भरायचा आहे. प्रोप्रायटरशिपची प्रायव्हेट लिमिटेड केलेल्यांनी आपली तारीख तपासावी.

तपासणीत दिसलेला फरक अधिकारी आधी कळवतात, त्याला लेखी उत्तर देता येतं. तोंडी समजावून परत येऊ नका. ऑडिट संपल्यावर ३० दिवसांत ADT-02 हा निष्कर्षांचा अहवाल येतो, आणि त्यात तुमचं उत्तर तेवढंच दिसतं जेवढं त्यांच्या फाईलला लागलेलं आहे. आवक शिक्का मारलेली प्रत घेऊनच बाहेर पडा, साहेब जेवायला गेलेले असले तरी थांबा.