क्रम राखणारा कोश आणि १९९८ चे आश्वासन

‘या कीच्या पुढच्या ५० नोंदी क्रमाने दे’ ही मागणी आणि सततची भर-वजावट, दोन्ही एकाच कोशाकडून हव्या असल्या की आज बहुतेक जण सर्च ट्री घेतात. पण सी++ मध्ये तो कोणत्या प्रकारचा ट्री असावा, हे गतीपेक्षा एका आश्वासनाने ठरले.

मूळ हिशोब सोपा आहे. प्रत्येकी १६ बाइटच्या १० लाख नोंदी धरू. सॉर्टेड अ‍ॅरेत शोध सुमारे २० तुलनांत संपतो आणि पुढच्या ५० नोंदी शेजारीच असतात. मात्र मध्ये एक नोंद घुसवायची तर सरासरी ८० लाख बाइट सरकवावे लागतात. हॅश टेबलात भर घालणे स्वस्त, पण पुढची की शोधायला सगळा साठा चाळावा लागतो. तोल राखणारा बायनरी सर्च ट्री १९६२ साली आला आणि दोन्ही कामे थोड्या पावलांत होऊ लागली.

सी++ चे पहिले प्रमाण १९९८ चे. हॅश टेबलचा प्रस्ताव उशिरा आल्याने तेव्हा मागे पडला आणि २०११ मध्ये `std::unordered_map` म्हणून दाखल झाला. आधीच्या `std::map` ने मात्र एक हमी दिली होती: इतर नोंदी कितीही आल्या-गेल्या, तरी आत असलेल्या नोंदीचा पत्ता बदलणार नाही, जुना पॉइंटर चालत राहील. त्यामुळे प्रत्येक नोंदीला वेगळा नोड देणे भाग पडले आणि व्यवहारात रेड-ब्लॅक ट्री रुळला.

ही हमी फार महाग पडली, असे माझे स्पष्ट मत आहे. ६४-बिट यंत्रावर नेहमीच्या बांधणीत तीन पॉइंटर आणि रंग मिळून ३२ बाइट जातात, म्हणजे नोंदीच्या दुप्पट. त्याहून वाईट म्हणजे नोड मेमरीत विखुरतात. वरच्या पातळ्या कॅशेत टिकतात, पण खालच्या प्रत्येक पावलाला मुख्य मेमरी गाठावी लागू शकते. प्रोफायलरमध्ये तुलनांपेक्षा कॅशे मिस ठळक दिसले, तर दुखणे हेच.

रस्टच्या `BTreeMap` ने वेगळी वाट धरली. तिथे एका नोडमध्ये ११ पर्यंत की असतात, त्यामुळे १० लाख नोंदींत सहा ते आठ नोड ओलांडून काम होते. नोड भरून फुटला की नोंदी जागा बदलतात. पण कोश बदलत असताना त्यातल्या नोंदीचा जुना संदर्भ हाती ठेवायला रस्टचा कंपायलरच मनाई करतो, म्हणून पत्ता जपण्याची हमी तिथे लागलीच नाही. सी++ ला ती मागे घेता येत नाही, कारण जुने प्रोग्राम तिच्यावर उभे आहेत.

सी++२३ मध्ये `std::flat_map` आला. त्याच्या पोटात पुन्हा सॉर्टेड अ‍ॅरेच आहे. क्वचित बदलणाऱ्या कोशाला तो उत्तम. सतत भर पडणाऱ्या मोठ्या कोशात सरकवासरकव पूर्वीइतकीच राहते, आणि तिथे पत्ते जपायचे नसतील तर बी-ट्रीच घ्यावा.