पाळी जाण्याच्या वयात खांदा का जखडतो?

ब्लाऊजच्या बाहीत हात घालताना कळ येणं, वेणी घालायला कोपर वर न जाणं आणि रात्री त्या कुशीवर वळलं की ठणक्याने जाग येणं. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या तोंडून या तिन्ही तक्रारी एकत्र आल्या, तर खांदा जखडायला लागला आहे का, हे लगेच पाहायला हवं. डॉक्टर याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. तो प्रामुख्याने ४० ते ६० या वयात होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. पाळी अनियमित होऊन थांबण्याची वर्षंही याच टप्प्यात येतात. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, आणि त्याआधीची काही वर्षं शरीरातल्या इस्ट्रोजेनचा तोल ढळलेला असतो.

सोलापुरात हा आजार उशिरा लक्षात येण्याचं एक खास कारण आहे. समजा, अशोक चौकाच्या बाजूला राहणारी ४८ वर्षांची एक विडी कामगार बाई आहे. मांडीवर सूप घेऊन ती तेंदूपान कापते, तंबाखू भरते, विडी वळते, दोरा बांधते. या सगळ्या कामात तिची कोपरं कमरेजवळ आणि हात पोटासमोर असतात. खांदा जखडला तरी याच ठेवणीत तो सर्वात कमी दुखतो, त्यामुळे तिच्या रोजच्या विड्यांचा आकडा फारसा घसरत नाही. काम होतंय म्हणजे विशेष काही नाही, असं तिला आणि घरच्यांनाही वाटत राहतं. दिवाळीत डावा खांदा दुखायला लागला, आणि गड्ड्याच्या यात्रेला जाताना साडीचा पदर मागून पुढे घेता येईना, तेव्हा कुठे तिने हे बोलून दाखवलं. तोवर शेजारणीने तेल चोळून हात दोनदा जोरात वर ओढला होता, आणि प्रत्येक वेळी पुढचे काही दिवस ठणका वाढला होता.

खांद्यात दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ खोबणीत बसतो, आणि दोघांभोवती एक पातळ, लवचिक आवरण असतं. हात डोक्यावर जावा म्हणून हे आवरण काखेच्या बाजूला मुद्दाम सैल असतं. फ्रोझन शोल्डरमध्ये आधी त्याच्या आतल्या अस्तराला दाह होतो. तिथे नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या मज्जातंतूंच्या फांद्या वाढतात, म्हणून सुरुवातीचे महिने इतके दुखरे असतात. मग आवरणातल्या धागे विणणाऱ्या पेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, गरजेपेक्षा जास्त कोलॅजेन तयार करू लागतात. त्यातल्या काही पेशींना स्नायूसारखी आकुंचनाची ताकद येते आणि त्या आवरण ओढून घेतात. धुतल्यावर आटलेल्या सुती ब्लाऊजसारखी गत होते: हात आत आहे, पण हलायला जागा नाही. निरोगी खांद्याच्या पोकळीत सहज २० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त द्रव मावतो. जखडलेल्या खांद्यात ५ ते १० मिलिलिटरही मुश्किलीने मावतो. आवरणाचा पुढचा-वरचा भाग सर्वात जास्त जाड होतो, आणि म्हणून हात बाहेरच्या बाजूला फिरवण्याची हालचाल सर्वात आधी जाते.

इस्ट्रोजेनचा यात काय संबंध? हे संप्रेरक गर्भाशयापुरतं काम करत नाही. त्याला ओळखणारे रिसेप्टर सांध्याच्या अस्तरात, कूर्चेत, अस्थिबंधांत, स्नायूंत आणि हाडांतही आहेत. इस्ट्रोजेन पुरेसं असताना ते दाह पेटवणाऱ्या रसायनांना आवर घालतं. ते कमी झालं की हा आवर सैल पडतो आणि लहानशा कुरबुरीचाही दाह लांबतो. स्नायूंची डागडुजी करणाऱ्या पेशींनाही त्याची मदत असते, म्हणून याच वयात कष्टानंतरचा आखडलेपणा दुसऱ्या दिवशी सुटण्याऐवजी तीन-तीन दिवस रेंगाळतो. त्यात रात्री अंगातून वाफा निघून झोप मोडत असेल, तर वेदना सोसण्याची ताकद आणखी कमी होते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत या वाफा उन्हाळ्याच्या खात्यावर जातात आणि त्यांचा पाळीशी असलेला संबंध ध्यानातच येत नाही.

या वर्षांत इस्ट्रोजेन एका सरळ रेषेत उतरत नाही. एका महिन्यात ते नेहमीपेक्षा वर जातं, पुढच्या महिन्यात एकदम खाली येतं. खरी मोठी घसरण शेवटच्या पाळीच्या आगेमागे साधारण दोन वर्षांत होते. त्यामुळे एकदा रक्त तपासून ‘तुमचं इस्ट्रोजेन तर ठीक आहे’ असं सांगणं मला पटत नाही. पंचेचाळिशीनंतर पाळीच्या तारखा आणि लक्षणं या एका आकड्यापेक्षा जास्त सांगतात. ज्या बायकांची गर्भपिशवी काढताना अंडाशयंही काढली जातात, त्यांच्यात मात्र ही घसरण काही दिवसांत होते. आपल्या भागात ही शस्त्रक्रिया कमी वयात झालेल्या बायका बऱ्याच आहेत. त्यांच्या सांधेदुखीची चौकशी करताना हा प्रश्न विचारायलाच हवा.

इस्ट्रोजेन घटल्याने सांधे दुखतात, याचा सर्वात बळकट पुरावा स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारातून मिळतो. लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल ही औषधं शरीरात इस्ट्रोजेन बनणं जवळजवळ बंद करतात. ती घेणाऱ्या बायकांपैकी जवळपास निम्म्या जणींचे सांधे दुखू आणि आखडू लागतात. आधी पाळी गेलेल्या, पण सांध्यांची तक्रार नसलेल्या बायकांतही हे दिसतं. २०२४ मध्ये काही संशोधकांनी रजोनिवृत्तीच्या काळातली सांधेदुखी, स्नायूंची झीज, हाडांची झीज आणि खांदा जखडणं या सगळ्यांना मिळून एक नाव सुचवलं: मस्क्युलोस्केलेटल सिंड्रोम ऑफ मेनोपॉज. मला ते उपयोगी वाटतं, कारण गुडघा एकाकडे, खांदा दुसऱ्याकडे आणि झोप तिसऱ्याकडे दाखवणाऱ्या बाईला त्यामुळे एका धाग्यात पाहता येतं.

खांद्यापुरतं बोलायचं तर पुरावा अजून कच्चा आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या सुमारे दोन हजार बायकांच्या नोंदी तपासल्या. हार्मोनचे उपचार घेतलेल्यांत फ्रोझन शोल्डरचं प्रमाण सुमारे ४ टक्के होतं, न घेतलेल्यांत सुमारे ८ टक्के. पण उपचार घेतलेल्या बायका दीडशेच्या आसपासच होत्या, त्यामुळे हा फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणून केवळ खांद्यासाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू करू नयेत. वाफा, झोपमोड, अंगदुखी असं सगळंच असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं. ज्यांना स्तनाचा कर्करोग झाला आहे, रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत, यकृताचा गंभीर आजार आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे, त्यांनी या गोळ्या टाळायच्या असतात.

आता अशोक चौकातल्या त्या बाईकडे वळू. सिव्हिलच्या ओपीडीत डॉक्टर तिला दोन्ही कोपरं कमरेला टेकवून, काटकोनात वाकवून, पंजे बाहेरच्या बाजूला उघडायला सांगतात. उजवा पंजा सहज उघडतो, डावा निम्माही जात नाही. मग डॉक्टर म्हणतात, “अक्का, हात सैल सोडा, मी फिरवतो.” त्यांनी फिरवला तरी तो तिथेच अडतो. खरी खूण हीच. खांद्याचा स्नायूबंध तुटला असेल तर बाईला स्वतःहून हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बराच वर जातो. आवरण आटलं असेल तर कोणीही उचलला तरी जात नाही. एक्स-रे काढतात तो खांद्याची झीज किंवा दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी. फ्रोझन शोल्डरमध्ये तो बहुधा स्वच्छ येतो, आणि ‘फोटोत काहीच नाही’ म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

दुसरी तपासणी साखरेची. मधुमेह असलेल्यांत फ्रोझन शोल्डर काही पटींनी जास्त आढळतो, कारण जास्त साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटून ते कडक करते. कधीकधी मधुमेह पहिल्यांदा खांद्यामुळेच उघडकीला येतो. थायरॉइडही तपासावं. बोटांचे सांधे सुजलेले असतील आणि सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, तर संधिवाताची तपासणी वेगळी करावी लागते. पाळी जाण्याच्या वयातला आखडलेपणा बहुधा चालू-फिरू लागल्यावर थोड्या वेळात सुटतो.

या बाईची साखर वाढलेली निघते. दुखणं सुरू होऊन तीनच महिने झालेत, म्हणजे दाहाचा टप्पा चालू आहे. याच टप्प्यात सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन सर्वात उपयोगी पडतं. ठणका उतरतो, झोप लागते आणि व्यायाम करता येतो. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वर जाते, म्हणून त्या काळात ती मोजत राहावी लागते. आवरण घट्ट होऊन वर्ष उलटल्यावर हेच इंजेक्शन फारसं काही करत नाही.

व्यायाम साधे असतात. पुढे वाकून हात लोंबता सोडून हलके झोके द्यायचे. पाठीवर झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा हात बाहेरच्या बाजूला ढकलायचा. भिंतीवर बोटांनी चढायचं. प्रत्येक वेळी ताण जाणवेल तिथे थांबायचं. कळ येईपर्यंत नाही. हॉलंडमध्ये ७७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दुखण्याच्या मर्यादेत राहून हलका व्यायाम करणारे, जोर लावून ताणणाऱ्यांपेक्षा दोन वर्षांनी चांगल्या स्थितीत होते. दाह चालू असताना आवरण ओढलं तर दाह वाढतो आणि त्या पेशी आणखी कोलॅजेन विणतात. शेजारणीच्या ओढण्याने ठणका वाढला, तो यामुळेच.

काहीच सुधारणा नसेल तर भूल देऊन हात फिरवण्याचा किंवा दुर्बिणीतून आवरण कापण्याचा मार्ग असतो. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या चाचणीत हे दोन्ही उपाय आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांची तुलना झाली. वर्षभरानंतर यांपैकी कोणताही उपाय इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणून सुरुवात कमी त्रासाच्या उपायाने करावी, असं मी म्हणेन.

सुधारणा सावकाश होते, एक ते तीन वर्षं लागू शकतात, आणि काहींच्या खांद्यात थोडा आखडलेपणा कायमचा उरतो. आपल्या बाईचा ठणका पावसाळ्यापर्यंत ओसरतो, पुढच्या दिवाळीत वेणी घालता येते, पाठीमागे हुक लावणं मात्र सर्वात शेवटी जमतं. तोच खांदा पुन्हा जखडणं दुर्मीळ आहे. पण काहींचा दुसरा खांदा पुढच्या काही वर्षांत धरतो, विशेषतः साखर चढलेली असेल तर. म्हणून उजवा खांदा रात्री ठणकू लागला, तर कोपरं कमरेला टेकवून दोन्ही पंजे उघडून पाहावेत, आणि फरक दिसला तर इंजेक्शनचे उपयोगी महिने हातचे जाण्याआधी ओपीडी गाठावी.